स्कोर काढायला मोबाइल नंबर आणि गावाचा पत्ता कशाला द्यायचा?

आर्णीवाला
पोट्टेहो, अर्ज टाकायच्या आधी रेझ्युमे ऑनलाइन स्कोर करून घ्या. फुकट हाय, दोन मिनिटांत आकडा येते. माया ४३ आला. कंपन्या ७५ च्या खालचा रेझ्युमे उघडूनही पाहत नाहीत. हाय तसाच अपलोड करा, भेव कायचं? नंबर लपवून कोणाले काय भेटते?

वणीकर
भाऊ, मी बुटीबोरीच्या कारखान्यांसाठी माणसं भरायच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, कारण ती वाचून गावागावातली पोरं आज रात्रीच फाइल चढवतील.

तो आकडा त्या वेबसाइटचा स्वतःचा असतो. कंपनीला तो दिसतही नाही. तोच रेझ्युमे दुसऱ्या टूलमध्ये टाका, आकडा वेगळा येईल, कारण प्रत्येकाचं गणित वेगळं. कंपनीकडे सॉफ्टवेअर असलं तर एचआर त्यात शिक्षण, अनुभव, कामाचे शब्द टाकून शोधतो. ७५ ची रेघ सगळ्या कंपन्यांनी मिळून आखलेली नाही.

आता आपल्याकडचा रेझ्युमे बघा. वडिलांसकट पूर्ण नाव, मु. पो., तालुका, जिल्हा, पिनकोड, मोबाइल, जन्मतारीख, जात, फोटो, काहींचा आधार नंबरसुद्धा. स्कोर काढताना टूल जाहिरातीतले शब्द तुमच्या कामाच्या आणि शिक्षणाच्या शब्दांशी जुळवून पाहतं. त्यात तुमच्या गावाचा काही उपयोग नाही. पण हाच कागद चुकीच्या माणसाच्या हाती लागला, तर तो फोन करून नाव, गाव, डिप्लोमा सगळं बरोबर सांगतो. ‘निवड झाली, गेटपास आणि युनिफॉर्मचे पैसे भरा’ म्हणतो, आणि इतकं अचूक बोलणाऱ्यावर पोरगा विश्वास ठेवतो.

आर्णीवाला
सर, तुमचं ऐकून नंबर काढून पाह्यला. ४३ चा ३८ झाला! मंग नंबराचे मार्क हायेत ना?

वणीकर
ते मार्क ‘संपर्काची जागा रिकामी आहे’ म्हणून गेले. नंबर खरा की खोटा हे बहुतेक टूलला कळत नाही. तिथे दहा शून्य टाका, ईमेलच्या जागी abc@example.com टाका, पुन्हा चालवा. आणि ते पाच मार्क तसेही सोडून द्या. कंपनीला जो रेझ्युमे जाणार, त्यात नंबर असणारच आहे.

दिग्रसचा इंजिनियर
एवढं कशाला? मी पीडीएफमध्ये नंबरावर काळी पट्टी ओढतो अन् चढवतो. शिवाय लॉगिन न मागणारं टूल घेतो, म्हणजे माहिती जायचा प्रश्नच नाही.

वणीकर
ती पीडीएफ उघडा, Ctrl+A, Ctrl+C, आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. नंबर दिसला तर समजा पट्टी फक्त वर बसली आहे, खालची अक्षरं जशीच्या तशी आहेत, आणि टूल अक्षरंच वाचतं. लॉगिन नसलं की ईमेल द्यावा लागत नाही हे बरोबर, पण फाइल तर त्यांच्या सर्व्हरवर गेलीच ना.

नंबर पुसायचा तो मूळ वर्ड फाइलच्या कॉपीत, हेडरमधलाही, आणि मग नवी पीडीएफ करायची. पीडीएफ करायच्या आधी वर्डमध्ये File > Info > Check for Issues > Inspect Document चालवा आणि Remove All दाबा, फाइलच्या पोटात लेखक म्हणून नाव बसलेलं असतं ते निघतं. फाइलचं नावही बदला. नाव आणि मोबाइल फाइलच्या नावातच लिहिणारे मी पुष्कळ पाहिलेत.

दिग्रसचा इंजिनियर
निघाला नंबर. पण पट्टी ओढायचा सल्ला मला कॉलेजमध्येच मिळाला होता, एवढं बोलून थांबतो.

पुसदची ताई
माझ्या धाकट्या बहिणीला असाच फोन आला. गाव माहीत, बारावीची टक्केवारी माहीत. आईने शेळी विकून पैसे भरले. नंतर तो नंबर बंद. तुम्ही सगळे मार्कांवर भांडताय म्हणून सांगते.

वणीकर
ताई, वाईट झालं. पैसे गेल्याबरोबर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा असतो, जितका लवकर तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. cybercrime.gov.in वर तक्रार अजूनही करा. पण तिची माहिती स्कोरच्या टूलमधूनच गेली का, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. जॉब पोर्टलवरही रेझ्युमे असेल.

पुसदची ताई
पोर्टल नाही की टूल नाही, माझा संशय नेट कॅफेवर आहे. तालुक्याच्या कॅफेत जाऊन बघा, डाउनलोड्समध्ये अख्ख्या तालुक्याच्या पोरींचे रेझ्युमे फोटोसकट पडलेले असतात. कोणीही पेनड्राइव्ह लावावा अन् न्यावे.

कॅफेवाला, दारव्हा
आम्हाला चोर म्हणून राहिल्या का तुम्ही? पोरं व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवतात, प्रिंट घेतात, चालले जातात. आठ दिवसांनी येऊन म्हणतात, दादा तीच फाइल काढा, माझ्या मोबाइलमधून उडाली. डिलीट केली असती तर टायपिंगचे पैसे पुन्हा कोणी दिले असते?

पुसदची ताई
चोर म्हटलं नाही. दार उघडं ठेवता असं म्हटलं. तुमच्या सोयीसाठी आमच्या पोरींचे नंबर गावभर का फिरावेत?

कॅफेवाला, दारव्हा
सोय माझी नाही, तुमच्याच पोरांची! अन् तुमच्या बहिणीची फाइल माझ्याकडे नव्हती.

आर्णीवाला
दोघंही जरा थांबा. माया प्रश्न रायलाच. टूलमध्ये नाही टाकायचा, तर मले कसं समजावं का रेझ्युमे त्या नोकरीले जमते का नाही?

वणीकर
तुमचंच उदाहरण घेऊ. जाहिरात काय आहे, अनुभव काय आहे, लिहा.

आर्णीवाला
स्टोअर असिस्टंट, बुटीबोरी. बी.कॉम., टॅली, इनवर्ड-आउटवर्ड, स्टॉक व्हेरिफिकेशन, फिफो. मी जिनिंगमध्ये दोन सीझन होतो. रेझ्युमेत ‘गोडाऊनचे काम’ लिहिलं हाय.

वणीकर
जिनिंगमध्ये रोज काय करायचात?

आर्णीवाला
कापसाची गाडी आली का काट्याची पावती रजिस्टरात चढवाची, गाठी गेल्या का त्याची नोंद. महिन्याच्या शेवटी गाठी मोजून रजिस्टरासंग मिळवाच्या. जुना माल पयले काढा म्हणत मालक.

वणीकर
मग हेच लिहा. पावती चढवणं आणि गाठींची नोंद म्हणजे इनवर्ड-आउटवर्ड, महिनाअखेरची मोजणी म्हणजे स्टॉक व्हेरिफिकेशन, जुना माल आधी म्हणजे फिफो. जाहिरातीचे हे तिन्ही शब्द तुमच्याकडे होते, कागदावर एकही नव्हता. ४३ त्यानेच आला असावा. टॅलीत स्वतः एंट्री केली असेल तरच टॅली लिहा, मुलाखतीत व्हाउचर टाकायला बसवतात.

जाहिरात एका बाजूला, रेझ्युमे दुसऱ्या बाजूला ठेवून Ctrl+F ने एकेक शब्द शोधायचा. इंटरनेट बंद असलं तरी हे होतं. दुसरं, रेझ्युमे कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. दोन रकान्यांचा तक्ता असेल तर कधी कधी शिक्षण आणि अनुभव एकमेकांत घुसलेले दिसतात, सॉफ्टवेअरलाही तसंच दिसू शकतं. मराठी मजकूर कृतिदेवमध्ये टाइप केला असेल तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. कॅफेवाल्या दादांना युनिकोडमध्ये टाइप करायला सांगा.

एवढं करूनही टूल वापरायचंच असेल, तर चिकटवायची चौकट असलेलं घ्या आणि फक्त अनुभव-शिक्षणाचा भाग चिकटवा. पत्त्यात ‘जि. यवतमाळ, बुटीबोरीला राहायची तयारी’ एवढं पुरे. आधार, जात, जन्मतारीख निवड झाल्यावर.

दिग्रसचा इंजिनियर
जन्मतारखेचं पटत नाही. अप्रेंटिसच्या जाहिरातीत वयाची अट असते, तारीख नसली तर फोनच येत नाही.

वणीकर
तिथे कंपनीच्या अर्जात द्या. मी टूलचं बोलतोय.

आर्णीवाला
मी तर पयलेच चढवला आता. अकाउंट डिलीट केलं तं फाइल जाते का?

वणीकर
अकाउंट डिलीट करायच्या आधी त्यातला रेझ्युमे काढा, मग ईमेलने ‘माझी माहिती पुसा’ असं कळवा आणि त्या मेलची प्रत ठेवा. त्यांच्या सर्व्हरवरून खरंच गेली का, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. अनोळखी नोकरीचे फोन यायला लागले तर सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर संशयास्पद फोनची तक्रार घेणाऱ्या ‘चक्षू’वर कळवा.

कॅफेवाला, दारव्हा
आजपासून रात्री दुकान बंद करताना डाउनलोड्स रिकामं करतो. ज्याले फाइल पाहिजे त्यानं स्वतःच्या ईमेलवर पाठवून घ्यावी. मग पुन्हा टायपिंगचे पैसे मागितले तर बोंब मारू नका.

पुसदची ताई
रिसायकल बिनसुद्धा रिकामं करा. आणि प्रिंटसाठी तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाइली?

कॅफेवाला, दारव्हा
त्याचं पाहू.