मांजराचं गजकर्ण: घर कसं साफ केलंत? (अनुभव धागा)

गवतीचहा
जुलैत पार्किंगमधून एक भिजलेलं पिल्लू वर आणलं. नाव बटाटा. तीन आठवड्यांनी त्याच्या डाव्या कानामागचे केस गेले, रुपयाच्या नाण्याएवढी जागा उघडी पडली आणि कडेला राखाडी कोंडा दिसायला लागला. मला वाटलं मारामारी केली असेल. चार दिवसांनी मुलीच्या मनगटावर लाल कडं उठलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टरांनी खोलीत अंधार करून निळा दिवा धरला, तर कानामागचे तुटके केस मुळाशी पोपटी हिरवे चमकले. शिवाय नव्या टूथब्रशने अंगभर घासून केस तपासणीसाठी घेतले.

गोळ्या आणि शाम्पू सुरू आहेत, मुलीचं त्वचेच्या डॉक्टरांकडे चालू आहे. माझा प्रश्न घराचा आहे. वन बीएचके, कापडी दिवाण, आजीच्या चार गोधड्या आणि सगळीकडे हिंडलेला बटाटा. ज्यांनी यातून घर बाहेर काढलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

ठेचाभाकर
आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी झालं होतं. ही बुरशी दीड वर्ष जिवंत राहते, त्यामुळे धुऊन काही होत नाही. आम्ही गादी आणि सोफ्याची कव्हरं थेट फेकली, रोज दोनदा झाडू मारला आणि फिनेलने लादी पुसली. दोन महिन्यांत गेलं. गोधड्यांचा मोह सोडा.

अजितनाना
आमच्या मनीलाही जंत झाले होते. दर तीन महिन्यांनी जंताची गोळी द्या, पुन्हा त्रास होणार नाही.

गवतीचहा
नाना, हे जंत नव्हेत हो. इंग्रजी नावात 'वर्म' आहे म्हणून घोळ होतो. ही कातडीवरची बुरशी, आपण नायटा म्हणतो तीच जातकुळी.

पायरीवरचीमाऊ
मी पुण्यात रस्त्यावरची पिल्लं सांभाळायला घेते, आत्तापर्यंत पाच वेळा हे घरात आलंय. गोधड्या फेकू नका!

ठेचाभाकर, दीड वर्षाची गोष्ट खरी आहे, पण ती प्रयोगशाळेत जपून ठेवलेल्या केसांची. घरात ही बुरशी लादीवर किंवा गादीवर वाढत नाही, नुसती पडून असते. तिला वाढायला केस, नख किंवा कातडी लागते, तीही थोडी खरचटलेली, ओली असली तर बरं. पडून असते ती मुख्यतः तुटक्या केसांवर आणि कोंड्यावर. म्हणून बुरशी मारायच्या मागे लागण्याआधी केस गोळा करायच्या मागे लागा. दोन महिन्यांत तुमचं गेलं ते गादी फेकल्याने की मांजर बरं झाल्याने, सांगता येणार नाही.

माझी पद्धत अशी. पहिलं काम म्हणजे पिल्लू एका खोलीत, जिथे कापड कमीत कमी. कोंडून टाकायचं नाही. खेळायला, मांडीवर घ्यायला रोज जायचं, पण वेगळा जुना गाऊन घालून, बाहेर आल्यावर हात धुऊन. कोरडा झाडू बंद, त्याने केस उडून कपाटावर जाऊन बसतात. ओल्या फडक्याने किंवा कपड्यांवरची लव काढायच्या चिकट रोलरने रोज केस टिपायचे. रोलर नसेल तर खोक्यांना लावायची रुंद चिकटपट्टी हाताला उलटी गुंडाळा.

आठवड्यातून दोनदा सगळं धुणं. आधी साबणाचं पाणी, फडक्याला मळ येणं थांबेपर्यंत. मग साध्या पाण्याने पुसून घ्या. त्यानंतरच कपडे पांढरे करायचं साधं ब्लीच: एक लिटर पाण्यात तीस मिली, आणि ती जागा दहा मिनिटं ओली राहिली पाहिजे. लोक हीच पायरी आधी करतात आणि फसतात, कारण मळ आणि केसांचा थर असेल तर ब्लीच खाली पोचतच नाही. वास उग्र केला म्हणजे काम जास्त होतं असंही नाही. मिश्रण त्या दिवसापुरतंच करा आणि शौचालयाच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. शीच्या ट्रेमध्ये लघवी असेल तर ती आधी साबणाने धुवा, तिच्यातल्या अमोनियाशीही ब्लीच वाईट वागतं. लादी पुसून वाळेपर्यंत मांजर आत नको.

फिनेल मात्र बंदच करा. फिनॉल असलेली द्रव्यं मांजराचं यकृत नीट पचवू शकत नाही, आणि मांजर पंजे चाटतंच. पाण्यात टाकल्यावर पांढरं होणारं जखमांचं औषधही त्याच भावंडांतलं.

गोधड्या आणि चादरी: आधी बाहेर नेऊन केस टिपा (झटकू नका), मग मशीनमध्ये अर्धाच ड्रम भरून लांब सायकलवर साबणाने दोनदा. गरम पाण्याची किंवा ब्लीचची गरज नाही. पाण्यात मोकळं फिरायला जागा हवी, एवढंच. दिवाण आधी रोज रोलरने, मग साबणाच्या ओल्या फडक्याने, आणि मग उन्हात.

सांजवात
आमच्या सासूबाईंच्या मानेवर असंच उठलं होतं. त्यांनी दुकानातून 'तिन्ही गोष्टी एकात' असलेलं मलम आणलं, त्यात स्टिरॉइड होतं. चार दिवसांत खाज गेली, म्हणून खूश. पंधरा दिवसांत कडं पसरून त्याचा आकारच ओळखता येईना. शेवटी मांजर बरं होऊन हिंडायला लागलं आणि सासूबाईंची गोळी सुरूच. मांजराला वाटेल तितका दोष देऊन झाला.

जर्सीकर
आम्ही न्यू जर्सीत, घरभर कार्पेट, म्हणजे पहिल्या दिवशी मला रडू आलं. व्हॅक्यूम रोज, त्याची पिशवी लगेच बाहेर. व्हेटने लाइम सल्फरची आंघोळ सांगितली, आठवड्यातून दोनदा. सडक्या अंड्यांचा वास, पांढरी मांजर पिवळी आणि माझी चांदीची अंगठी काळी! अंगठी काढून ठेवायचं कुणी सांगितलं नव्हतं.

ठेचाभाकर
फिनेलचं माहीत नव्हतं, मान्य. पण ऑनलाइन निळी टॉर्च घेतली तर? आम्ही घेतलेली, सगळा सोफा चमकत होता.

पायरीवरचीमाऊ
सोफा चमकणारच, साबणातली पांढरं दाखवणारी द्रव्यं निळसर चमकतात. मलम, कोंडा, धागेही. खूण फक्त केसाच्या मुळाशी दिसणारा पोपटी रंग, आणि तोही मांजरातल्या नेहमीच्या जातीचाच, सगळ्या जातींचा नाही. चमकलं नाही म्हणून मोकळे, असं समजू नका.

एक गोष्ट अजून. मागच्या खेपेला माझ्या मोठ्या बोक्याला एकही चट्टा नव्हता, तरी त्याच्या ब्रशच्या तपासणीत बुरशी उगवली. मी घाबरून गोळ्या सुरू करणार होते. डॉक्टर म्हणाले, हा आजारी नसेलही. घरातली बुरशी पोछ्यासारखी अंगावर घेऊन फिरत असेल. त्याला एकदा औषधी आंघोळ घातली, घर दोनदा कसून धुतलं आणि पुन्हा ब्रश पाठवला. काही उगवलं नाही. गोळी टळली.

सांजवात
मग खोलीतून सोडायचं कधी? आमच्या डॉक्टरांनी केस आले की सोडा म्हटलं होतं.

पायरीवरचीमाऊ
केस येणं आणि बुरशी जाणं या दोन वेगळ्या गोष्टी. मी एक ब्रश कोरा निघेपर्यंत थांबते. काही जण दोन म्हणतात. इतके दिवस लहान पिल्लू वेगळं ठेवणं त्याच्या स्वभावाला वाईट, हेही खरं. माझं अजून ठरलेलं नाही.

गवतीचहा
गोधड्या दोनदा धुतल्या, दिवाणाच्या खाचेतून चिकटपट्टीला एवढे केस आले की दुसरा बटाटा होईल. काल कळलं, त्याचा दुसरा ब्रश प्लेटवर लावून अकरा दिवस झालेत. बुरशी उगवली तर पिवळा थर लाल होतो म्हणे. डॉक्टरांनी फोनवर फोटो पाठवला, अजून पिवळाच आहे. मुलगी दाराखालच्या फटीतून त्याला दोरी ओढून दाखवतेय.