निरोपाच्या कार्डावर काय लिहावं: 'पोकळी', 'कमी' की 'आठवण'? 'गर्व' की 'अभिमान'?

शर्वरी: टीममधली एक सहकारी दोन वर्षांसाठी कंपनीच्याच ॲमस्टरडॅम ऑफिसात चालली आहे. कार्डावर सगळ्यांच्या वतीने चार ओळी लिहायच्या आहेत. मसुदा असा: "तुमच्या जाण्याने आमच्या टीममध्ये कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण होणार आहे. आम्हाला तुमच्यावर गर्व आहे, पण तुमची खूप कमी जाणवेल. भावी वाटचालीस शुभेच्छा." काहीतरी खटकतंय. तिला एरवी सगळे 'तू'च म्हणतात.

निखिल: पहिलं वाक्य आधी काढा, ते श्रद्धांजलीतलं आहे. 'न भरून येणारी पोकळी' वाचली की डोळ्यांसमोर हार घातलेला फोटो येतो. 'कमी जाणवेल' हिंदीतून आलंय. मराठीत 'कमी' नाम म्हणून चालतच नाही.

अण्णा: सेवानिवृत्तीच्या मानपत्रात 'आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत' आणि 'उर्वरित आयुष्य सुखासमाधानात जावो' ही वाक्यं हवीतच. आमच्या बँकेत तोच शिरस्ता होता.

शर्वरी: अण्णा, ती निवृत्त होत नाहीये, कामासाठीच चालली आहे. 'उर्वरित आयुष्य' वाचून घाबरेल!

मंदाताई: निखिल, 'त्यांच्याकडे कशाची कमी नाही' असं आपण म्हणतोच, त्यामुळे 'चालतच नाही' हे टोकाचं झालं. माणसाची 'कमी जाणवते' ही रचना मात्र हिंदी वळणाचीच. 'कमतरता'ही नको, ती पाण्याची नाहीतर मनुष्यबळाची असते.

उरतात तीन पर्याय, आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. 'उणीव भासेल' म्हटलं की कामात काय अडेल ते कळतं. वरिष्ठांनी लिहिलेल्या औपचारिक पत्रात ते शोभतं. 'आठवण येईल' हे माणसाबद्दल आहे. 'चुकल्याचुकल्यासारखं होईल' हे रोजच्या सवयीबद्दल, म्हणून त्याच्यासोबत एखादी ठरावीक वेळ किंवा गोष्ट सांगावी लागते. नुसतं लिहिलं तर ते लोंबकळत राहतं.

निखिल: आणि 'गर्व'? तो तर मराठीत दुर्गुणच. 'गर्वाचं घर खाली'.

मंदाताई: बरोबर. विभक्तीवरूनही हिंदी वळण ओळखू येतं: हिंदीत गर्व कुणा'वर' असतो, मराठीत अभिमान कुणा'चा' असतो. म्हणून 'तुझ्यावर अभिमान आहे' हेही अर्धवट दुरुस्त केलेलं वाक्य.

निखिल: पण संतसाहित्यात 'अभिमान' म्हणजे अहंकारच की. मग 'कौतुक' लिहिणं जास्त सुरक्षित नाही का?

मंदाताई: तो अर्थ आहे, पण आज 'अभिमान वाटतो' वाचून कुणाला अहंकार आठवत नाही. वाईट अर्थासाठी 'दुरभिमान' वेगळा आहेच. 'कौतुक' बहुधा मोठ्याने लहानाचं करायचं असतं. सहकारी हाताखालची असेल तर गोड वाटेल, टीमची प्रमुख असेल तर जरा पाठ थोपटल्यासारखं होईल.

शर्वरी: आमच्या पिढीत बॉसचंही कौतुक करतात, ताई.

मंदाताई: करत असतील. माझ्या कानाला पटत नाही, एवढंच.

'पण'कडे मात्र नीट बघा. मराठीत 'पण'नंतर जे येतं त्याचं पारडं जड होतं. "अभिमान आहे, पण आठवण येईल" यात शेवटी तक्रारीचा सूर उरतो. उलट करा, किंवा 'पण' गाळून दोन वेगळी वाक्यं करा.

दुसरं, 'आमच्या टीममध्ये'. 'आम्ही' म्हटलं की ती बाहेर, 'आपण' म्हटलं की आत. ती अजून त्याच कंपनीत आहे, काम एकत्र केलंय. तिथे 'आपण', 'आपली' हवं. आठवण मात्र मागे राहणाऱ्यांना येणार, तिथे 'आम्हाला'च बरोबर. एकाच कार्डात दोन्ही येऊ शकतात. 'तू' आणि 'तुम्ही' मात्र मिसळू नका. एरवी 'तू' म्हणता तर कार्डावरचं 'तुम्ही' परकं वाटेल.

माझा मसुदा असा, त्यात तुमच्या कामातला तपशील घाला:

"तिकडच्या ऑफिसनं तुला बोलावून घेतलं, याचा आपल्या सगळ्या टीमला अभिमान आहे. आपण मिळून उभं केलेलं काम आता तिथेही दिसेल. रिलीजच्या आदल्या संध्याकाळी 'एकदा शेवटचं बघू या' म्हणणारं कुणी नसेल, तेव्हा आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं होईल. जाऊन ये!"

शर्वरी: 'जाऊन ये' आवडलं. 'भावी वाटचालीस शुभेच्छा' पूर्ण काढू?

मंदाताई: काढा. ते छापील प्रमाणपत्रावर ठीक दिसतं.

निखिल: दोन वर्षांनी परत येणार म्हणून 'जाऊन ये' चाललं. कायमचं स्थायिक व्हायला जाणाऱ्याला काय लिहाल?

अण्णा: तरीही तेच. निघणाऱ्याला 'जा' म्हणत नाहीत.

निखिल: दारात उभं राहून म्हणायला ठीक आहे, अण्णा. कार्डावर ते परत येण्याचा आग्रह वाटू शकतो. मी 'सुखात राहा' लिहीन.