मदत हवी आहे: दहावीचा बीजगणित प्रकल्प, रिक्षाभाड्याचा आलेख आणि समीकरण जुळत नाही

मीनल_मुलुंड: नमस्कार. लेक यंदा दहावीला आहे. दोन चलांतील रेषीय समीकरणांवर प्रकल्प करायचाय. तिने मुंबईच्या रिक्षाचं दरपत्रक घेतलं, 1 फेब्रुवारी 2025 पासूनचं: पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये, पुढे किलोमीटरला 17.14. तिने y = 17.14x + 26 असं मांडलं. त्यात 5 किमीला 111.70 येतात आणि कार्डावर आहेत 86. कार्डावरचे बिंदू आलेखावर मांडले तर सरळ रेषेत येतात, पण ती रेषा तिच्या समीकरणाची नाही. कुठे चुकतंय? शिवाय बाईंनी दोन रेषांचा छेदनबिंदूही मागितलाय.

गणू_काका: एक्सेलमध्ये बिंदू टाका आणि ट्रेंडलाइन काढा, समीकरण आपोआप मिळेल. 26 हा स्थिर आकार आहे, तो समीकरणात यायलाच हवा.

शुभदा_ताई: काका, ट्रेंडलाइनने समीकरण बरोबर मिळेल, पण त्यात 26 दिसणार नाहीत. पुस्तकी उदाहरणात रिक्षात बसल्याचे वेगळे पैसे असतात आणि अंतराचे वेगळे. इथे त्या 26 रुपयांतच दीड किलोमीटर आला. म्हणून 17.14 ने गुणायचं ते दीडच्या पुढच्या अंतराला:

y = 26 + 17.14(x − 1.5)

कंस सोडवला की y = 17.14x + 0.29. आता 5 किमीला 85.99, म्हणजे तुमचे 86.

मीनलताई, या 0.29 कडे लेकीचं लक्ष जरूर वेधा. 17.14 ला 1.5 ने गुणलं तर 25.71 येतात. तेच पूर्ण रुपयांत 26 झाले. म्हणजे किमान भाडं हे दीड किलोमीटरचंच भाडं आहे, आणि रेषा मागे वाढवली तर जवळजवळ आरंभबिंदूतून जाते. आधीचा दर, 23 आणि 15.33, घेऊन बघा. 0.005 उरतो!

फक्त 0 ते 1.5 पर्यंत रेषा तिरपी काढू नका. तिथे y = 26 ही आडवी रेषा. दीडवर दोन्ही तुकडे जुळतात, मध्ये उडी नाही.

पुणेकर_सचिन: आमच्याकडे 25 आणि 17 आहे. तुमच्या रीतीने 17x − 0.5 आलं. उणे कसं? आणि मी काल दिलेले पैसे याहून बरेच जास्त होते. मीटर फास्ट असेल का?

शुभदा_ताई: दीड किमीचे 25.50 होतात, किमान भाडं 25 ठेवलंय, म्हणून अर्धा रुपया उणे. आडवा तुकडा असल्यामुळे भाडं उणे कधीच होत नाही. तुमच्या कालच्या पैशांत सिग्नलवर थांबल्याचा वेळही मोजला असेल. मीटर वेळही धरतं, त्यामुळे गर्दीतला बिंदू रेषेच्या वर जातो. प्रकल्पासाठी दरपत्रकच घ्यावं. मीटर तपासायचं तर रिकाम्या रस्त्यावर.

मीनल_मुलुंड: आता कळलं, आभार! छेदनबिंदूसाठी जुना आणि नवा दर घेऊ का?

शुभदा_ताई: त्या दोन रेषा आरंभबिंदूजवळच भेटतात, जिथे रिक्षाची रेषा लागूच नाही. त्यापेक्षा बेस्ट घ्या. 9 मे 2025 पासून साध्या बसला 5 किमीपर्यंत 10, 10 पर्यंत 15, 15 पर्यंत 20, 20 पर्यंत 30.

गणू_काका: मग बससाठी y = x + 5. पहिले तीन बिंदू बरोबर बसतात.

शुभदा_ताई: बसतात, पण ती टप्प्यांची टोकं आहेत. 1 किमीला तुमची रेषा 6 रुपये सांगते, कंडक्टर 10 घेतो. 20 किमीला 25 सांगते, तिकीट 30 चं. बसचा आलेख पायऱ्यांचा येतो. 5 किमीवर 10 च्या पायरीला भरीव ठिपका आणि 15 च्या पायरीला पोकळ.

छेदनबिंदूसाठी तीन मैत्रिणी एकत्र निघाल्या असं धरा. बसचे 30 रुपये, म्हणजे y = 30.

17.14x + 0.29 = 30, म्हणून x ≈ 1.73

हा बिंदू दीडच्या पुढे आहे, म्हणून चालतो. त्याआधी तिघींना रिक्षा स्वस्त, पुढे बस. एकटीला मात्र दोन्ही आलेख कुठेच छेदत नाहीत.

पुणेकर_सचिन: पण कार्डावर पूर्ण रुपये असतात ना? मग कार्ड 17.14x ने बनवलंय की 0.29 धरून, हे कसं कळणार?

शुभदा_ताई: मार्मिक प्रश्न. 5 किमीला दोन्हीकडून 86 च येतात, तिथे फरक दिसणार नाही. पण 3 किमीला एकाने 51 आणि दुसऱ्याने 52. तसंच 2 किमीला 34 किंवा 35, आणि 10 ला 171 किंवा 172. मीनलताई, या तीन ओळी बघून सांगा.

मीनल_मुलुंड: कार्ड तिच्या मैत्रिणीकडे आहे, उद्या मागवून लिहिते.