मदत हवी आहे: रोलर फिरवला की घोटा मोकळा होतो, अर्ध्या तासात पुन्हा तेवढाच

टाच_उचल्या: स्क्वॉट मारताना खाली गेलो की टाचा उचलल्या जातात. म्हणून भिंतीशी मोजलं. टाच जमिनीला घट्ट ठेवून गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते बघायचं. उजवा ७ सेंमी. पोटरीखाली दोन मिनिटं फोम रोलर फिरवला की ९. अर्ध्या तासाने परत ७! तीन आठवडे रोज हेच चाललंय. जास्त कडक रोलर घेऊ का?

लोखंडी_मावळा: घे. पोटरीत गाठी बसलेल्या असतात, त्या फुटेपर्यंत दाबायचं. डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. आणि रोल केल्याबरोबर स्क्वॉटला लाग, गार होऊ देऊ नकोस.

सुमेधा_फिजिओ: शेवटचं वाक्य बरोबर, बाकीचं नाही. रोलरच्या दाबाने गाठी फुटत नाहीत की स्नायू लांब होत नाही. ताण जाणवण्याची मर्यादा थोडा वेळ पुढे सरकते, एवढंच. करून बघा: फक्त डावी पोटरी रोल करा आणि उजवा घोटा मोजा. आणि एक सांगा, गुडघा अडतो तेव्हा मागे ओढतं की पुढे चिमटतं?

धावती_भेट: माझ्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला महिनाभर रोलर फिरवतेय, गुडघा तसाच दुखतो. तेच कारण का?

सुमेधा_फिजिओ: तो जाड पट्टा रोलरने सैल होत नाही. पण तुमचा प्रश्न दुखण्याचा आहे, वेगळा धागा काढा.

टाच_उचल्या: गंमतच झाली. डावी रोल केली तर न रोल केलेला उजवा ८ झाला! डावा स्वतः मात्र ६ चा ६. उजव्यात मागे पोटरी ओढते. डाव्यात घोट्याच्या पुढे काहीतरी अडकल्यासारखं टोचतं. पूर्वी तो जोरात मुरगळला होता.

सुमेधा_फिजिओ: मग दोन पायांना दोन उत्तरं. उजव्याला रोलर एक-दोन मिनिटं पुरे, आणि मिळालेली जागा लगेच वापरा. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून, गुडघा किंचित वाकवून टाच सावकाश खाली सोडा. दहाचे तीन सेट, आठवड्यातून तीनदा. दीड-दोन महिन्यांनी मोजा, पण रोलर फिरवण्याआधी. नाहीतर उसनेच सेंमी मोजाल. डाव्यात अडथळा सांध्यात असावा. तिथे पोटरी कितीही लाटली तरी उपयोग नाही, घोटा दाखवून घ्या. तोवर टाचांखाली पातळ प्लेट ठेवून स्क्वॉट मारा.

लोखंडी_मावळा: पण मला नुसत्या रोलिंगने दोन महिन्यांत कायमचा फरक पडलाय.

सुमेधा_फिजिओ: पडू शकतो. काही आठवडे नियमित केल्यावर थोडी वाढ दिसते, पण सगळ्यांत नाही. तुम्ही त्या काळात खोल स्क्वॉटही मारत होता ना? मग श्रेय कोणाला द्यायचं?

लोखंडी_मावळा: हं. मारत होतो खरा.

टाच_उचल्या: पायरीवर डावी टाचही सोडू का? त्यात टोचत नाही, पण धीर होत नाही.