घर सोडायचं कधी: पन्नाशी आली की, वैराग्य आलं की, देणी फिटली की?

निंबोणी
आश्रम म्हणजे पंचवीस-पंचवीस वर्षांचे चार टप्पे असं लहानपणापासून ऐकत आलोय. मग पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाने घर सोडलं तर तो आपलं कर्तव्यच करतोय ना? की घरच्यांची संमती लागते? शास्त्र नेमकं काय म्हणतं?

गोदातीर
पंचवीसचा आकडा मनुस्मृतीत नाही. तिथे "आयुष्याचा पहिला चौथा भाग गुरूकडे, दुसरा घरात" एवढंच आहे. माणूस शंभर वर्षं जगतो असं धरून भागाकार आपण केला. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात तीन वेद शिकायला 36 वर्षं सांगितलीत, नाहीतर 18, नाहीतर 9, नाहीतर वेद येईपर्यंत. आठव्या वर्षी मुंज झालेला मुलगा 36 वर्षं शिकला तर चव्वेचाळिसाव्या वर्षी घरी येणार. मग पंचविसाव्या वर्षी लग्न कसं बसवायचं?

घर सोडण्याची खूण सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच आहे: अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पिकले केस आणि मुलाचं मूल दिसलं की अरण्याचा आश्रय घ्यावा. यात वर्षांची मोजणी नाही. त्यातली नातवंडाची अट मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण ती माणसाच्या वयाकडे बघत नाही, घराकडे बघते. नातू झाला म्हणजे मुलगा स्वतः बाप झाला, चूल त्याच्या हातात गेली. पुढे पस्तिसावा श्लोक आणखी स्पष्ट आहे: ऋषी, पितर आणि देव यांची तीन ऋणं फेडून मग मोक्षाकडे मन लावावं, न फेडता लावणारा खाली जातो. ऋषिऋण अध्ययनाने फिटतं, पितृऋण संततीने, देवऋण यज्ञाने.

तेव्हा "पन्नाशी आली, निघालो" याला मनूचा आधार नाही.

केदारखोरे
तुम्ही एकच ग्रंथ धरून बसलात. जाबालोपनिषद आधी क्रम सांगतं, पण लगेच पुढे म्हणतं की ब्रह्मचर्यातूनच निघा, घरातून निघा किंवा वनातून निघा. आणि मग सरळ, "यदहरेव विरजेत् तदहरेव प्रव्रजेत्". ज्या दिवशी विरक्ती आली त्याच दिवशी निघावं. आद्य शंकराचार्यांनी लग्न केलं नाही, मुलं नाहीत, तरी ते संन्यासी झालेच. ऋणाची अट संसार मांडलेल्याला आहे. आणि वैराग्य आलेल्याला घरात बांधून ठेवलं तर त्याचंही नुकसान आणि घराचंही. मन नसलेला माणूस कसली कर्तव्यं करणार?

गोदातीर
जाबाल मान्य. मनूपेक्षा जुनी धर्मसूत्रंही बहुतेक तुमच्याच बाजूची आहेत. आपस्तंब चार आश्रमांची नावं घेताना गार्हस्थ्यापासून सुरुवात करतो, त्याच्या यादीत चढत्या पायऱ्या नाहीतच. गौतम म्हणतो, काही जण आश्रमांचा विकल्प सांगतात. म्हणजे शिक्षण संपलं की चारांपैकी एक निवडायचा आणि जन्मभर तिथेच राहायचं. आणि तोच गौतम शेवटी म्हणतो की आचार्यांच्या मते आश्रम एकच, कारण वेदात प्रत्यक्ष विधान गार्हस्थ्याचंच आहे. क्रम, विकल्प आणि एकच आश्रम अशी तीन मतं पूर्वापार उभी आहेत. त्यातलं एक खोडून दुसरं कुणी सिद्ध केलेलं नाही आणि मीही करणार नाही.

पण शंकराचार्य ब्रह्मचर्यातून गेले. त्यांच्यामागे बायकोमुलं नव्हती. निंबोणी विचारतायत ते पन्नाशीच्या गृहस्थाबद्दल. त्याचं वैराग्य खरं असेलही, पण त्याच्यावर जे अवलंबून आहेत त्यांची भूक त्याने संपत नाही. कौटिल्याने यासाठी दंडच ठेवला: बायकोमुलांची सोय न लावता प्रव्रज्या घेणाऱ्याला पूर्व साहसदंड, म्हणजे 48 ते 96 पण. स्त्रीला प्रव्रज्येला लावणाऱ्यालाही तोच. वय झालेल्या माणसाने धर्मस्थांना, म्हणजे न्यायाधिकाऱ्यांना विचारून निघावं, नाहीतर त्याला अडवावं, इथपर्यंत नियम आहे.

अण्णा_वाईकर
एवढी चर्चा कशाला? कलियुगात संन्यास वर्ज्य आहे. अग्निहोत्र, गवालंभ म्हणजे यज्ञात गाईचा बळी, संन्यास, श्राद्धातलं मांस आणि दिरापासून संतती, या पाच गोष्टी कलीत करू नयेत असा श्लोक आहे. विषय संपला.

गोदातीर
अण्णा, श्लोक बरोबर आहे, पण धर्मशास्त्राची वचनं गोळा करून त्यांचा निवाडा देणारे निबंधकार तिथे थांबले नाहीत. त्याच्या जोडीला दुसरं वचन येतं: जोवर वर्णविभाग आहे आणि वेद चालू आहेत तोवर कलीतही संन्यास आणि अग्निहोत्र करावं. त्या आधारावर दंडी संन्याशांचे मठ आजवर चालू आहेत. खरा बंद पडला तो वानप्रस्थ. तोही कलिवर्ज्यांच्या यादीत आहे आणि त्याला सोडवायला कुणी आलं नाही.

कारण त्याचे नियम वाचले की कळतं. चामडं किंवा वल्कल नेसायचं, जटा वाढवायच्या, नांगरलेल्या जमिनीतलं काही खायचं नाही. उन्हाळ्यात पंचाग्नी, पावसाळ्यात उघड्यावर, हेमंतात ओले कपडे. धान्य किती साठवायचं याचे चार प्रकार: रोजचं रोज संपवून भांडं धुऊन ठेवणारा, महिन्याचं ठेवणारा, सहा महिन्यांचं ठेवणारा, वर्षाचं ठेवणारा. वर्षाचं ठेवलं तरी आश्विनात जुना साठा आणि जुने कपडे टाकून द्यायचे. निवृत्तीनंतर तीर्थयात्रा करणं चांगलंच आहे, पण त्याला वानप्रस्थ म्हणताना हे सगळं डोळ्यासमोर असावं.

सुमन_ठाणे
आमच्या मुलाची आठव्या वर्षी मुंज राहून गेली. आता लग्न ठरलंय, वय 28. आश्रमाचा विषय निघालाय म्हणून विचारते, आता करता येते का?

पळीपंचपात्र
धागा वेगळा आहे ताई, पण उत्तर देतो. ब्राह्मणाला सोळा, क्षत्रियाला बावीस, वैश्याला चोवीस ही शेवटची मर्यादा. त्यानंतर तो व्रात्य धरतात, म्हणून आधी प्रायश्चित्त, मग उपनयन, मग सोडमुंज आणि मग लग्न. लग्नाच्या आदल्या दिवशी हे सगळं उरकतात. काशीला निघालेल्या मुलाला मामा मुलगी देतो म्हणून मागे वळवतो, तो प्रकार सोडमुंजीतलाच. लोक त्याला गंमत समजतात, पण केदारखोरे म्हणतात तोच फाटा आहे तो: एक वाट काशीकडे, एक घराकडे. फक्त गुरुजींना आधी स्पष्ट सांगा की मुंजच झालेली नाही. नाहीतर ते नुसती सोडमुंज धरून तयारी करतात आणि ऐनवेळी दोन तास कमी पडतात.

मुक्ता
या सगळ्यात बायको कुठे आहे? मनू म्हणतो, तिला मुलांवर सोपवून जा किंवा बरोबर घेऊन जा. तिला विचारा असं तिथे नाही. तिचा चौथा आश्रम कुठला? आणि ही सगळी चौकट द्विज पुरुषांची. इतरांना मुंजच नाही, तर पहिली पायरीच नाही.

आणखी एक. संन्याशाने भिक्षेला कधी जावं ते मनू सांगतो: घरातला धूर थांबलेला, मुसळ खाली ठेवलेलं, निखारे विझलेले, घरचे जेवून ताटं आवरलेली, तेव्हा. वाचायला फार सुंदर आहे. पण ती चूल पेटवली कुणी, मुसळ चालवलं कुणी? तीच चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा यांना तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थानं म्हटलंय आणि त्यांच्या परिहारासाठी रोजचे पंचमहायज्ञ सांगितलेत. पाचही वस्तू बाईच्या हातातल्या आणि यज्ञ पुरुषाच्या नावावर.

गोदातीर
मुक्ताताई, चौकटीबद्दल तुमचं खरं आहे, त्यावर माझ्याकडे बचाव नाही. एक शब्द मात्र बघा. मनू "निक्षिप्य" म्हणतो, आणि व्यवहारात निक्षेप म्हणजे ठेव. ठेव घेणारा समर्थ असावा लागतो आणि ती मोडता येत नाही. मुलगा बेकार असेल, आईला विचारत नसेल, तर ठेव ठेवलीच नाही असं मी मानतो.

मुसळ थांबल्यावर जायचं कारण असं की संन्याशासाठी वेगळं रांधलं जाऊ नये, उरलेलंच त्याने घ्यावं. घासही मोजलेत: संन्याशाला 8, वनवाशाला 16, गृहस्थाला 32, ब्रह्मचाऱ्याला मोजदाद नाही. बाकी तिघांचंही अन्न शेवटी गृहस्थाच्या घरातून नाहीतर अरण्यातून यायचं, म्हणून गृहस्थाश्रम अर्धवट सोडणाऱ्यावर शास्त्राचा इतका राग.

मुक्ता
"असं मी मानतो" हे तुमचं आहे, मनूचं नाही. एवढी नोंद राहू दे.

केदारखोरे
मग विठ्ठलपंतांचं काय? आपेगावचे कुलकर्णी, आळंदीच्या रुक्मिणीबाईंशी लग्न, काशीला जाऊन संन्यास. वैराग्य खोटं होतं म्हणाल?

गोदातीर
वैराग्य खोटं नव्हतं, माहिती खोटी होती. परंपरा सांगते की मागे बायको आहे हे त्यांनी गुरूंपासून लपवलं. गुरू आळंदीला आले, रुक्मिणीबाईंनी नमस्कार केला, त्यांनी पुत्रवती भव म्हटलं आणि सगळं उघड झालं. मूल नव्हतं, म्हणजे पितृऋणही बाकी. गुरूंनी परत पाठवलं आणि मग दुसरं संकट आलं, कारण संन्यासातून खाली आलेला तो आरूढपतित, त्याला प्रायश्चित्तच दिसत नाही असं वचन आहे. जाताना एक नियम मोडला, परतताना दुसरा. त्याची शिक्षा निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या चार मुलांनी भोगली. संन्याशाची पोरं म्हणून मुंज नाकारली आणि पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे शुद्धिपत्रासाठी जावं लागलं.

केदारखोरे
पण गुरूने परत पाठवणं शास्त्राला धरून होतं का? एकदा संन्यासविधीतला विरजाहोम झाला, शिखासूत्र म्हणजे शेंडी-जानवं गेलं, मग उलट वाट नाहीच. माझ्या मते तिथे रुक्मिणीबाईंना न्याय मिळाला आणि शास्त्र मोडलं.

गोदातीर
दोन्ही खरं आहे. मला याचं उत्तर देता आलेलं नाही.

परसबाग
वडील 62 वर्षांचे. एका आश्रमात कायमचं जायचं म्हणतात, भगवी वस्त्रं घेणार. घर त्यांच्या नावावर, आई घरी, धाकट्या बहिणीचं शिक्षण चालू. आई "जा" म्हणते, पण रडते. काय करावं?

कोर्टकचेरी
कायद्याची बाजू सांगते. नुसती भगवी वस्त्रं घेतल्याने संन्यास होत नाही. आपल्या संप्रदायाचे विधी झाले हे सिद्ध करावं लागतं. अष्टश्राद्धात माणूस स्वतःचंही श्राद्ध करतो आणि मग विरजाहोम होतो. असा पूर्ण संन्यास कायदा नागरी मृत्यू धरतो, मालमत्ता वारसांकडे जाते. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा संसारत्याग हे घटस्फोटाचं कारण आहे, पण लग्न आपोआप तुटत नाही, अर्ज आईलाच करावा लागेल. विधी न करता फक्त आश्रमात राहिले तर यातलं काही होत नाही, घर त्यांचंच राहतं आणि सह्यांसाठी दरवेळी तिकडे जावं लागतं.

गोंधळ होतो तो या दोहोंच्या मध्ये: विधी झाले की नाही हे कुणालाच माहीत नसतं आणि वारस भांडत बसतात. निघण्याआधी घराची कागदपत्रं आणि बहिणीच्या शिक्षणाची रक्कम मार्गी लावून घ्या.

गोदातीर
कौटिल्याची अट आणि यांचं म्हणणं एकच आहे. बहिणीचं शिक्षण होईपर्यंत थांबा असं वडिलांना सांगा. आईला एकटीने विचारा, त्यांच्या समोर नको.

केदारखोरे
आणि तेवढ्यात विरक्ती गेली तर?

मुक्ता
तर जायची गरज नव्हती.

केदारखोरे
हे मला मान्य नाही. नेहमीच्या अडचणींनी विरक्ती विझते, म्हणून ती खोटी ठरत नाही.