नवीन क्रीम, सीरम, डाय: पॅच टेस्ट कशी करता आणि किती दिवस थांबता?

मृण्मयी_
पॅच टेस्ट करा असं सगळेच सांगतात, पण कुठे, किती आणि कधीपर्यंत, हे नीट कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. आपापले अनुभव सविस्तर लिहा. फसलेले तर जरूर लिहा.

माझी त्वचा लहानपणापासून नाजूक, एक्झिमाची. अंगावर राहणाऱ्या वस्तूंसाठी, म्हणजे क्रीम, सीरम, सनस्क्रीनसाठी माझी पद्धत ठरलेली आहे. कोपराच्या आतल्या बाजूला, वळणाच्या जरा खाली, रुपयाच्या नाण्याएवढी जागा घ्यायची. रोज वापरताना जेवढा थर देतो तेवढाच तिथे सकाळ-संध्याकाळ द्यायचा. जागा बदलायची नाही. सात ते दहा दिवस हेच. आंघोळीत धुऊन गेलं तर पुन्हा लावायचं. या काळात दुसरं काहीही नवीन सुरू करायचं नाही, साबणसुद्धा नाही.

आणखी एक. आपल्या सावळ्या रंगावर लाली पटकन दिसत नाही. म्हणून मी रोज बोट फिरवून बघते. खरखर, बारीक पुळ्या, आजूबाजूपेक्षा काळपट झालेला डाग आणि मुख्य म्हणजे खाज, या खुणा धरायच्या.

गावठाण
एवढं कशाला? आमच्याकडे कानामागे लावून दहा मिनिटं बघतात. आग झाली नाही तर बिनधास्त वापरायचं. आजवर कुणाला काही झालेलं नाही.

रसायनी_पुणे
मी क्रीम-लोशनच्या फॉर्म्युलेशनमध्ये काम करते. गावठाण, तुमची पद्धत अर्धी बरोबर आहे. दहा मिनिटांत जी चुरचुर होते ती बहुतेकदा जळजळ असते: ॲसिड तीव्र आहे किंवा त्वचा आधीच सोललेली आहे. ते तुम्हाला तेव्हाच कळेल. ॲलर्जीचं तसं नाही. शरीरातल्या पेशींनी तो पदार्थ ओळखून तिथे जमा व्हायला वेळ लागतो, त्यामुळे खाज आणि पुरळ एक-दोन दिवसांनी, कधी तीन-चार दिवसांनीही येतं. आणि पदार्थ क्रीममध्ये थोडासाच असेल तर एका थराने काहीच होत नाही, रोज लावत राहिल्यावर उठतं. मृण्मयीचे सात ते दहा दिवस त्यासाठीच आहेत.

अंबाझरी
मी हेअर डायबद्दल सांगतो. माझं वय पन्नाशीच्या पुढे. एकच डाय वर्षानुवर्षं वापरत होतो, कधी काही नाही. मधे भाचीच्या लग्नात हातावर काळी मेंदी काढून घेतली. काही दिवसांनी त्या नक्षीवरच फोड आले. ते बरे झाले, विषय संपला असं वाटलं. पुढच्या वेळी नेहमीचाच डाय लावला आणि दुसऱ्या दिवशी कपाळ, कान, पापण्या सुजून डोळे उघडेनात. त्वचारोगतज्ज्ञ म्हणाले, दोन्हींत पीपीडी नावाचं काळा रंग देणारं रसायन आहे. मेंदीने शरीराला ओळख करून दिली, डायने ती वाढवली. आता मी डाय लावतच नाही.

खोक्यात ४८ तास आधी चाचणी करा अशी सूचना होती. ती नवीन लोकांसाठी असते असाच माझा समज होता.

रसायनी_पुणे
दर वेळी करायची असते, अंबाझरी. ॲलर्जी पहिल्याच दिवशी असते असं नाही, अनेक वर्षांच्या वापरानंतरही तयार होते. आणि तुमच्यासारखी जोरदार प्रतिक्रिया एकदा आली असेल तर घरी चाचणीसुद्धा करू नये. पीपीडीचा लहानसा ठिपकाही त्रास देऊ शकतो.

सुगरण_ठाणे
माझी रक्ताची ॲलर्जी टेस्ट झाली आहे, त्यात धूळ आणि झिंगे निघाले. सौंदर्यप्रसाधनं आली नाहीत. मग मला पॅच टेस्टची गरज नाही ना?

रसायनी_पुणे
ती वेगळी. धूळ, झिंगे यांनी शिंका, गांध्या येतात ती ॲलर्जी रक्तात दिसते. क्रीमने होणारी उशिराची ॲलर्जी त्या तपासणीत येत नाही. त्यासाठी डॉक्टर पाठीवर छोट्या चकत्यांमध्ये संशयित पदार्थ चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात, तेव्हा बघतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. तोवर पाठ ओली करायची नाही, घाम येईल असं काम नाही. मे महिन्यात मुंबईत हे फार अवघड जातं, जमलं तर थंडीत करा.

मृण्मयी_
मावसबहिणीचा किस्सा सांगते, कारण त्यात शोध कसा घ्यायचा ते आहे. तिने पाच टक्के नायसिनामाइडचं एक सुगंधी क्रीम घेतलं. कोपरावर पहिले तीन दिवस स्वच्छ. चौथ्या दिवशी संध्याकाळी खाज, सकाळी बोटाला दाणे लागले. तिने धुतलं, थांबवलं, नुसतं पेट्रोलियम जेली लावलं. आठवड्यात जागा निवळली, थोडा काळपटपणा राहिला. ती म्हणाली, मला नायसिनामाइड चालत नाही. मी तिला जुन्या, चालणाऱ्या क्रीमचं लेबल शेजारी ठेवून वाचायला सांगितलं. तिथेही नायसिनामाइड होतं! मग जागा पूर्ण बरी झाल्यावर दुसऱ्या हातावर सुगंध नसलेलं, तेवढ्याच टक्क्यांचं सीरम लावलं. दहा दिवस काही नाही. म्हणजे गुन्हेगार सुगंध.

रसायनी_पुणे
संशयित म्हणा. दोन वस्तूंमध्ये प्रिझर्वेटिव्हही वेगळं असेल. नक्की नाव हवं असेल तर पाठीवरचीच तपासणी. पण लेबल शेजारी ठेवून वाचण्याची सवय फार चांगली.

कॅलगरीकर
माझी तक्रार वेगळी. कोपरावर सगळं ठीक, आणि चेहऱ्यावर तीन आठवड्यांनी गालभर पुरळ. घट्ट मॉइश्चरायझर होतं, इथल्या हिवाळ्यासाठी घेतलेलं. मैत्रीण म्हणाली, पर्जिंग आहे, सोडू नकोस.

मृण्मयी_
मॉइश्चरायझरने पर्जिंग होत नाही. ॲडापलीन, रेटिनॉल, सॅलिसिलिक ॲसिड यांनी आधीच तयार होत असलेले मुरूम लवकर वर येतात. तेही जिथे नेहमी येतात तिथेच, आणि काही आठवड्यांत ओसरतात. नव्या जागी येत असतील तर क्रीम बंद. कोपराच्या चाचणीत मुरूम कळतच नाहीत, तिथे तशी छिद्रं नाहीत. म्हणून कोपर पास झालं की मी जबड्याच्या एका बाजूला तीन-चार आठवडे लावते, मगच सगळ्या चेहऱ्याला.

दुर्वा_९
आणि फायदा होतोय की नाही हे कधी ठरवायचं? मी दर आठवड्याला सीरम बदलते, एकही लागू पडत नाही.

रसायनी_पुणे
आठवडा मॉइश्चरायझरला पुरतो, कोरडेपणा गेला की नाही ते तेवढ्यात दिसतं. मुरुमांच्या औषधाला आठ ते बारा आठवडे द्या, डागांनाही तेवढेच, आणि डागांसाठी रोज सनस्क्रीन नसेल तर बारा आठवड्यांचाही उपयोग नाही. आधी खिडकीजवळ, एकाच वेळी, एकाच कोनात फोटो काढून ठेवा. आरशात रोज बघून फरक कळत नाही.

दुर्वा_९
मग रेटिनॉलही कोपरावर रोज दोनदा, दहा दिवस?

रसायनी_पुणे
मी करणार नाही. तसं लावलं तर कुणाचीही त्वचा सोलेल आणि तुम्ही चांगली वस्तू टाकून द्याल. मी एक दिवसाआड, फक्त रात्री लावून बघते.

मृण्मयी_
एक्झिमावाल्यांनी तेही जपून. मी दर तिसऱ्या रात्री लावते, आणि दोन आठवडे. तेवढ्यात ॲलर्जी कळेलच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कुणी रेटिनॉल असं तपासून पाहिलं असेल तर किती दिवसांनी काय दिसलं, ते लिहा.