अनुभव धागा: रद्द धोरणाच्या स्क्रीनशॉटवरून परताव्याचा तक्ता कसा केलात?

मेघना_ठाणे
फोनमधले जुने फोटो उडवताना सहल कंपनीच्या रद्द धोरणाचा एक स्क्रीनशॉट सापडला आणि त्यावरून केलेला तक्ता आठवला. सध्या मे महिन्याची सहल रद्द करावी की नाही या विचारात बरेच जण असतील, म्हणून धागा काढते. तुम्ही कसा केलात, कुठे चुकलं, तेही लिहा.

स्क्रीनशॉटमधला मजकूर असा: ४५ दिवसांपूर्वी रद्द केल्यास नोंदणी रक्कम जप्त. ४५ ते ३० दिवस २५%, ३० ते १५ दिवस ५०%, १५ ते ७ दिवस ७५%, ७ दिवसांच्या आत १००%. कपात एकूण सहल खर्चावर. जीएसटी परत नाही. रविवारी किंवा संध्याकाळी ६ नंतर आलेली मेल पुढच्या कामाच्या दिवसाची धरली जाईल.

सहल काश्मीर, निघणं २० मे २०२६. दोघांचे ८४,००० आणि त्यावर ५% म्हणजे ४,२०० जीएसटी. नोंदणी दोघांची मिळून २०,०००.

नीट बघा, ४५, ३०, १५ आणि ७ हे चारही आकडे दोन-दोन ओळींत बसतात. तक्ता करताना ते दिवस जास्त कपातीच्या ओळीत टाकायचे. कंपनीने ग्राहकाच्या बाजूने अर्थ लावला तर तो फायदा, पण हिशोब त्यावर उभा करायचा नाही.

पूर्ण ८८,२०० भरले असतील तर हातात येणारी रक्कम:
४६ किंवा जास्त दिवस (४ एप्रिलपर्यंत): ६४,०००
४५ ते ३१ (५ ते १९ एप्रिल): ६३,०००
३० ते १६ (२० एप्रिल ते ४ मे): ४२,०००
१५ ते ८ (५ ते १२ मे): २१,०००
७ ते ० (१३ मेपासून): ०

दिवसांशेजारी तारखा लिहाच. घरात कोणी "३१ वा दिवस कधी" असं विचारत नाही, "१९ तारखेपर्यंत कळवलं तर किती" असं विचारतात.

गणपतराव६२
ताई, १९ एप्रिलला रविवार आहे. त्या दिवशी केलेली मेल सोमवार २० ची धरणार, म्हणजे ३० दिवस, म्हणजे ५०%. खरी शेवटची वेळ शनिवार १८ एप्रिल संध्याकाळी ६. एका रविवारात २१,००० जातात.

मेघना_ठाणे
अगदी बरोबर काका, तारखांच्या रांगेत ही दुरुस्ती हवीच. "शेवटचा सुरक्षित दिवस" असा वेगळा रकाना करून तिथे १८ एप्रिल लिहायचं.

निलेश_के
एवढं कशाला? जेवढे भरलेत त्याच्या २५% कापायचे. ५०,००० भरले असतील तर १२,५०० गेले, ३७,५०० परत. सोपं आहे.

सीए_अनघा
निलेश, टक्के बरोबर, पण ते कशाचे हे चुकतंय. धोरणात "एकूण सहल खर्चावर" लिहिलंय. ८४,००० चे २५% म्हणजे २१,०००, मग तुम्ही ५०,००० भरले असोत की पूर्ण. ५०,००० मधून २९,००० उरतात, त्यातून पुन्हा जीएसटी. आणि ३५ दिवस आधी फक्त नोंदणीचे २०,०००च भरलेले असतील, तर कपात भरलेल्यापेक्षा मोठी होते. तक्त्यात तिथे ० यायला हवं, वजा १,००० नाही. वरचे १,००० कंपनी मागते का, हे करारात बघावं लागेल.

जीएसटीबद्दल: "परत नाही" लिहिलं म्हणून पूर्ण ४,२०० गेले असं लगेच धरू नका. कर कंपनीने ठेवून घेतलेल्या रकमेवर लागतो. परत केलेल्या भागावरचा कर कंपनी क्रेडिट नोट किंवा रिफंड व्हाउचर काढून जुळवू शकते. तसं झालं तर २१,००० वर १,०५० कर, एकूण कपात २२,०५०, परत ६६,१५०. वरच्या तक्त्यात ६३,००० आहेत, फरक ३,१५० चा. म्हणून दोन रकाने करा, "धोरणाप्रमाणे" आणि "मागून बघण्याजोगं".

गणपतराव६२
मागून मिळतं का पण?

सीए_अनघा
काही देतात, काही धोरणाच्या ओळीवर बोट ठेवतात. लेखी मागायचं, एवढंच ठामपणे सांगेन.

शीट_शिल्पा
पोळ्या लाटता लाटता लिहितेय, सांभाळून घ्या. एक्सेलमध्ये ओळी स्क्रीनशॉटच्या क्रमाने लिहू नका, उलट्या लिहा: A2 ते A6 मध्ये 0, 8, 16, 31, 46 आणि शेजारी B मध्ये कपात रुपयांत 84000, 63000, 42000, 21000, 20000. E1 निघण्याची तारीख, E2 रद्दची, E3 भरलेली रक्कम, E5 जीएसटी. E4 मध्ये पहिलं सूत्र, E6 मध्ये दुसरं:

```
=E1-E2
=MAX(0, E3-VLOOKUP(E4, A2:B6, 2, TRUE)-E5)
```

शेवटी TRUE असताना पहिला रकाना चढता लागतो. ४६ वरून खाली ० पर्यंत लिहिलात तर #N/A तरी येतं, नाहीतर भलतीच ओळ उचलली जाते, आणि ते दुसरं जास्त वाईट कारण आकडा खरा वाटतो. E4 मध्ये दिवसांऐवजी तारीख दिसली तर त्या चौकटीचं स्वरूप "Number" करा.

रोहित_बे_एरिया
स्क्रीनशॉटमधून मजकूर उचलताना % चं चिन्ह बऱ्याचदा 96 होतं. 25% चं 2596. मधली रेघ गळून 45-30 चं 4530 होतं. आणि 1-7 असं शीटमध्ये चिकटवलं की ते १ जुलै होऊन बसतं. म्हणून "पासून" आणि "पर्यंत" हे दोन आकडे वेगवेगळ्या चौकटीत हाताने टाका, पाचच ओळी आहेत. आकडा चौकटीत डावीकडे चिकटला असेल तर तो मजकूर म्हणून बसलाय, सूत्र त्याला ओळखणार नाही.

वैशाली_नाशिक
रेल्वेच्या तिकिटालाही हाच तक्ता चालेल ना? आमचं जम्मूपर्यंतचं वेगळं काढलंय.

शीट_शिल्पा
नाही गं, तिथे हिशोब तासांचा असतो आणि डब्याच्या वर्गाप्रमाणे बदलतो. वेगळी शीट कर. दोन्ही एकत्र केलंस तर ० दिवसाच्या ओळीत सगळं कोंबलं जाईल.

पर्यटक_दादा
२० मे म्हणजे ट्युलिपची बाग संपलेली असणार हो. ती मार्चअखेर ते एप्रिल.

वैशाली_नाशिक
अरे देवा, सासूबाई त्यासाठीच तर निघाल्यात 😟

पर्यटक_दादा
गुलमर्गला घेऊन जा, खूश होतील. आणि मुद्द्याचं एक: श्रीनगरला परस्पर जाऊन गटात सामील होणाऱ्यांनी निघण्याची तारीख कोणती ते विचारा. मुंबईहून गट १९ ला निघाला आणि तुम्ही २० ला भेटणार असाल, तर कंपनी दिवस १९ पासून मोजते का? एका दिवसाने सगळ्या तारखा सरकतात. स्क्रीनशॉटखाली चांदणीची ओळ कापली गेलीय का तेही बघा. "विमानभाडे वेगळे, परत नाही" ते बहुतेक तिथेच असतं.

निलेश_के
अनघाताई, धोरण पुन्हा वाचलं, "एकूण सहल खर्च" हे शब्द माझ्या नजरेतून सुटले होते. पण दोघांतल्या एकानेच रद्द केलं तर? ८४,००० चे निम्मे धरायचे?

सीए_अनघा
रद्द करणाऱ्यासाठी ४२,००० धरा, कपातही त्यावरच. पण राहिलेल्याला एकट्याची खोली लागली तर त्याचा दर वाढतो, आणि तो फरक परताव्यातून वळता होऊ शकतो. या तक्त्यात ते कुठेच दिसत नाही. कंपनीकडून एकट्याचा दर लेखी घेऊन E5 खाली फरकाची एक चौकट वाढवा आणि ती दुसऱ्या सूत्रात E5 सारखीच वजा करा.

गणपतराव६२
आणि तारीख पुढे ढकलली तर तेही रद्दच धरतात का? कोणाकडे तसं धोरण असेल तर त्याचा स्क्रीनशॉट टाका, चांदणीच्या ओळीसकट.